मुंबईला दोनच दिवस: काय ठेवायचं, काय सोडायचं

प्रश्न: आम्ही अकोल्याचे सहा जण डिसेंबरात मुंबईला येतोय. आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि नऊ व बारा वर्षांची दोन मुलं असा आधी बेत होता. आता जाऊबाईंऐवजी सत्तरीच्या सासूबाई येतील, त्यांचे गुडघे दुखतात. शनिवारी पहाटे साडेपाचला सीएसएमटीला उतरू, रविवारी रात्री आठच्या सुमारास तिथूनच परतीची गाडी. मुक्काम डोंबिवलीला मावसबहिणीकडे. यादी अशी: गेटवे, घारापुरी, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, म्युझियम, राणीची बाग, मरीन ड्राइव्ह, जुहू, वांद्र्याला नटांचे बंगले आणि सी लिंक, नॅशनल पार्क, फिल्मसिटी, दादरला साड्या. मुलांना बोटीत बसायचंच आहे. यातलं काय सोडू?

उत्तर:

सगळ्यात आधी डोंबिवलीचा मुक्काम सोडा. यादीत ते नाव नाही, पण सगळ्यात जास्त वेळ तेच खाणार आहे. डोंबिवली ते सीएसएमटी फास्ट लोकलने साधारण सव्वा तास. घरातून स्टेशन, फलाटावरची वाट आणि सासूबाईंना बसायला जागा मिळेल अशी गाडी येईपर्यंत सोडलेल्या एक-दोन गाड्या धरल्या तर एका बाजूचे दोन तास. शनिवारी रात्री जायचं आणि रविवारी सकाळी सामानासकट परत यायचं म्हणजे चार तास गेले. तुमच्याकडे एकूण दिवसाउजेडाचे तास बावीस-तेवीस. शिवाय रविवार हा मेगाब्लॉकचा दिवस, त्याबद्दल खाली लिहितो. एका रात्रीसाठी सीएसएमटी-फोर्ट भागात दोन खोल्या घ्या. स्टेशनातच रेल्वेच्या रिटायरिंग रूम आहेत, त्या आयआरसीटीसीवर कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर मिळतात, पण लवकर भरतात. मावसबहिणीला शनिवारी संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर बोलवा. दादरला गाडी बदलून चर्नी रोडला उतरलं की चौपाटी समोरच आहे. एकटीदुकटीला इकडे येणं सोपं, सहा जणांना तिकडे जाणं अवघड. ती रागावणार नाही, आणि रागावली तर तिथे भेळ आहेच.

आता यादी. बहुतेक जण ठिकाणं प्रसिद्धीच्या क्रमाने लावतात आणि खालची तीन-चार खोडतात. मुंबईत हे चालत नाही, कारण हे शहर गोल नाही, लांबट आहे. दक्षिण टोकाला कुलाबा, उत्तरेला बोरिवली-दहिसर, मध्ये चिंचोळी पट्टी आणि सगळी वाहतूक त्याच दोन-तीन रेषांवर. चर्चगेट ते बोरिवली फास्ट लोकलला जवळपास तास लागतो, रस्त्याने दीड-दोन तास कुठेच गेले नाहीत. म्हणून प्रत्येक नावापुढे ते रेषेवर कुठे आहे ते लिहा. गेटवे, म्युझियम, मरीन ड्राइव्ह दक्षिण टोकाला. महालक्ष्मी, हाजी अली, राणीची बाग त्याच्या थोडं वर. सिद्धिविनायक, दादर मध्यावर. वांद्रे, जुहू त्यापुढे. फिल्मसिटी गोरेगावला, नॅशनल पार्क बोरिवलीला. तुमची गाडी येते सीएसएमटीला आणि सुटतेही तिथूनच, तेव्हा दादरच्या उत्तरेचं जे जे आहे त्याला स्वतःच्या जोरावर जागा मिळवावी लागेल. तशी ती मिळवू शकतील का, एवढंच बघायचं.

दुसरी कसोटी मुंबईपेक्षा तुमच्या गावाशी जास्त निगडित आहे, आणि ती सहसा कुणी लावत नाही. जे अकोल्याहून एका दिवसाच्या अंतरात मिळतं ते मुंबईत सोडायचं. प्राणी पाहायला नागपूरजवळचं गोरेवाडा आहे, त्यामुळे राणीची बाग गेली. पेंग्विन तेवढे इथले खास, पण शनिवार-रविवारी त्यांच्या काचेसमोर थांबायला मिळतं ते काही क्षण आणि त्यासाठी अर्धा दिवस जातो. नॅशनल पार्कातल्या कान्हेरी लेण्या सुंदर आहेत, पण तुमच्या वाटेवर अजिंठा-वेरूळ आहेत. कान्हेरी पार्कच्या दारापासूनही पाच-सहा किलोमीटर आत, म्हणजे जाऊन-येऊन सहा तास. गेलं. फिल्मसिटीची सहल आगाऊ बुकिंगची असते आणि त्यात बसमधून सेट दिसतात, नट दिसतील याची खात्री नसते. वांद्र्याच्या बंगल्यांचंही तेच: दिसतं ते फाटक, आणि फाटकाचे फोटो काढणारे लोक. ही दोन्ही एका फटक्यात खोडा.

तुमच्याकडे जे अजिबात नाही ते म्हणजे समुद्र. म्हणून तुमच्या दोन दिवसांत समुद्र भरपूर हवा. रत्नागिरीहून किंवा गोव्याहून येणाऱ्या कुटुंबाला उलटं सांगावं लागेल: चौपाट्या सोडा, म्युझियम आणि फोर्टातल्या इमारतींना वेळ द्या. यादी सगळ्यांची सारखीच असते, पण खोडायची नावं गावागणिक बदलतात.

तरी जुहू सोडा. जुहू आणि गिरगाव चौपाटीत तुमच्या कामाचा फरक फारसा नाही. वाळू आहे, मावळता सूर्य आहे, भेळ आहे आणि दोन्हीकडचं पाणी मुलांना डुंबू द्यावं असं नाही. फरक वेळेचा आहे. जुहूसाठी विलेपार्ले किंवा अंधेरीपर्यंत लोकल, पुढे रिक्षा आणि रात्री तेच उलटं. तीन तास प्रवासाचे. गिरगाव चौपाटी तुमच्या खोलीपासून टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटं.

सी लिंकचंही असंच. तो वांद्रे आणि वरळी जोडतो. तुम्हाला वांद्र्यालाच जायचं नसेल तर नुसता पूल पाहायला टोल भरून जाऊन परत यायचं कारण नाही. समुद्रावरून गाडी धावतेय हा अनुभव मुलांना द्यायचाच असेल तर नव्या किनारी रस्त्याने, म्हणजे कोस्टल रोडने, हाजी अलीहून मरीन ड्राइव्हला या. टोल नाही, डाव्या हाताला शहर, उजव्या हाताला पाणी आणि शेवटी मलबार हिलच्या पोटातून गिरगाव चौपाटीजवळ बाहेर पडणारा दोन किलोमीटरचा बोगदा. तुमच्या मार्गातच बसतो, त्यामुळे वेगळा वेळ लागत नाही.

राहिली घारापुरी. हिच्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण दोन दिवसांचे बेत सगळ्यात जास्त इथेच फसतात.

कागदावर ती सोपी दिसते: गेटवेवरून लाँच, तासाभराचा प्रवास. प्रत्यक्षात गेटवेवर सुरक्षा तपासणीची रांग, मग तिकिटाची, मग लाँच भरेपर्यंत थांबणं. पलीकडे उतरल्यावर लांबलचक धक्का, तो चालायचा किंवा छोट्या गाडीने पार करायचा. त्यानंतर सुमारे एकशेवीस पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं आणि मध्ये माकडं, हातात खायचं काही दिसलं की ओढणारी. लेण्यात तासभर, उतरणं, परतीच्या लाँचसाठी रांग, पुन्हा तास. सगळं सुरळीत झालं तर पाच तास, शनिवारी-रविवारी साडेपाच-सहा. तुमच्या चार अर्ध्या दिवसांपैकी सव्वा-दीड तिथेच संपतो. सोमवारी लेणी बंद असतात आणि पावसाळ्यात गेटवेहून लाँच बऱ्याचदा बंद. हे दोन्ही तुम्हाला लागू नाही, पण ज्यांना लागू आहे त्यांनी आधी बघावं.

सासूबाईंसाठी पायऱ्यांवर डोली मिळते. मात्र त्यांचा खरा त्रास पायऱ्यांपेक्षा लाँचच्या चढउताराचा. लाटेवर हलणाऱ्या लाँचवर धक्क्यावरून पाय टाकायचा असतो. लोक हात देतात, पण ओहोटी असेल तर लाँच खाली गेलेली असते आणि पायरी उंच पडते. दुखऱ्या गुडघ्याला हे दोनदा जाताना, दोनदा येताना.

तिथली महेशमूर्ती, म्हणजे ज्याला आपण त्रिमूर्ती म्हणतो ते सुमारे अठरा फुटी शिल्प, वेरूळ पाहिलेल्यालाही थक्क करतं, यात वाद नाही. म्हणून प्रश्न असा विचारा: घरात शिल्पासाठी जाणारं कुणी आहे का, की सगळ्यांना बोटच हवी आहे? तुम्ही लिहिलंय की मुलांना बोट हवी आहे. मग गेटवेवरून बंदरात फेरी मारून आणणाऱ्या लाँच असतात, अर्धा-पाऊण तास. ताजमहाल हॉटेल आणि गेटवे पाण्यातून दिसतात, लांब नांगरलेली जहाजं दिसतात, सीगल पक्षी डोक्यावरून जातात. डिसेंबरात ते असतातच. वरच्या डेकचे थोडे जास्त पैसे घेतात, ते द्या. मुलांची बोट झाली, घारापुरी खोडली, साडेचार तास हातात आले. दिरांना शिल्पांची ओढ असेल तर त्यांनी आणि मोठ्या मुलाने रविवारी सकाळी नऊच्या पहिल्या लाँचने जावं आणि तीनच्या आत परत यावं. बाकीच्यांनी त्यांची वाट बघत थांबायचं नाही. सगळे मिळून सगळीकडे जायचं हा हट्ट सोडला की निम्मे प्रश्न सुटतात.

म्युझियम म्हणजे पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ते ठेवा. दुपारच्या उन्हात सावली, बसायला बाकं, सासूबाईंसाठी लिफ्ट आणि सकाळी सव्वादहा ते संध्याकाळी सहा अशी भरवशाची वेळ. वर्षातले चार राष्ट्रीय-राज्य सुट्टीचे दिवस सोडले तर आठवडी सुट्टी नाही. मात्र सगळं बघायला जाऊ नका. तळमजल्यावरची शिल्पं, मुलांसाठी पशुपक्ष्यांचा विभाग आणि शस्त्रांचं दालन, एवढ्यात दोन तास होतात. त्यापुढे मुलं कंटाळतात आणि मोठी माणसं फलक न वाचता पुढे सरकू लागतात. तसं दिसलं की बाहेर पडा.

आता जी कामं घड्याळाला बांधलेली आहेत ती आधी जागेवर बसवायची, कारण बाकीची त्यांच्याभोवती आपोआप बसतात.

सिद्धिविनायक पहाटे उघडतो आणि दहानंतर रांग वाढत जाते. तुम्ही साडेपाचला उतरताय. हॉटेलची खोली बाराच्या आधी बहुतेक मिळणार नाही, म्युझियम सव्वादहाला, लाँच नऊला. म्हणजे सहा ते नऊ या वेळात मुंबईत तुमच्यासाठी जे उघडं आहे ते देऊळच. बहुतेक लोक हा वेळ स्टेशनवर चहा पिण्यात घालवतात आणि मग अकरा वाजता दर्शनाच्या रांगेत दोन तास उभे राहतात. तुमच्या तारखेला दिनदर्शिकेत संकष्टी नाही ना, एवढं पाहून घ्या. असेल तर सकाळी सातलाही गर्दी असते. तशा वेळी हे दर्शन रविवारी पहाटेवर न्या. मंगळवारी येणाऱ्यांनीही हाच विचार करावा.

जायचं भुयारी मेट्रोने. अॅक्वा लाइन आता कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आहे. सीएसएमटीला बसलं की मध्ये कुठेही न बदलता सिद्धिविनायक याच नावाच्या स्टेशनला उतरायचं, वीसेक मिनिटं. लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. लोकलने दादरला उतरून पूल चढण्यापेक्षा सासूबाईंना हे कितीतरी बरं. खाली मोबाइलचं नेटवर्क दगा देतं, म्हणून तिकिटं वरच काढून ठेवा किंवा खिडकीवर रोख द्या.

रविवारचं घड्याळ मेगाब्लॉकचं. रुळांच्या दुरुस्तीसाठी मध्य रेल्वे बहुतेक रविवारी साधारण साडेदहा-अकरा ते दुपारी साडेतीन-चार एखाद्या मार्गावरच्या गाड्या बंद ठेवते किंवा दुसऱ्या मार्गावर वळवते. पश्चिम रेल्वेचाही असाच ब्लॉक असतो, त्याला जम्बो ब्लॉक म्हणतात. कुठे, किती वेळ हे शनिवारच्या पेपरात आणि रेल्वेच्या हँडलवर येतं. नियम एवढाच करा: रविवारी त्या वेळात लोकलवर काहीही अवलंबून ठेवायचं नाही. मेट्रोला ब्लॉक नाही.

बाजारांचीही सुट्टी असते. क्रॉफर्ड मार्केटचा भाग आणि मंगलदास मार्केट रविवारी जवळजवळ बंद. दादरचा बाजार रविवारी जोरात, त्याची सुट्टी सोमवारी. म्हणून तुमच्या साड्या रविवारी दादरला. फोर्टात रविवारी कचेऱ्या बंद असल्याने बरीच हॉटेलंही बंद असतात, हे माहीत नसलेले लोक दुपारी दीडला उपाशी मुलं घेऊन बंद शटरं मोजत फिरतात. रविवारचं जेवण दादरला करा. तारीख ६ डिसेंबरच्या आसपास असेल तर हे सगळं बदलेल: महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, दादर-शिवाजी पार्क भाग आदल्या दिवसापासून भरलेला असतो आणि गाड्याही. तेव्हा खरेदी शनिवारी क्रॉफर्ड-मंगलदासला करून दादर टाळा. अर्थात चैत्यभूमीलाच जायचं असेल तर मग तोच दिवसाचा मुख्य कार्यक्रम समजा.

हाजी अलीचं घड्याळ भरतीचं. रस्त्यापासून दर्ग्यापर्यंतची वाट समुद्रातून जाते आणि मोठ्या भरतीला ती पाण्याखाली जाते. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चारचे पाऊणपट तीन, म्हणून पूर्ण भरती पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास, मधली ओहोटी सकाळी नऊला. अष्टमीला भरती सहा आणि सहाला. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. यात तासाभराची चूक धरा आणि भरतीच्या आधी-नंतर दोन तास वाट सोडून द्या. तुम्ही तिथे साडेनऊच्या सुमारास असाल, म्हणजे चतुर्थी-पंचमीच्या आसपास उत्तम, दशमीपासून पौर्णिमा-अमावास्येपर्यंत नको. वाट लांब आहे आणि सावली नाही, तेव्हा सासूबाईंनी रस्त्यावरूनच पाहिलेलं बरं. वेळ कमी पडला तर पहिलं हेच सोडा.

सहा जणांचा एक खास प्रश्न असतो, तो गाडीचा. माहीम आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, फक्त टॅक्सी. काळीपिवळीत चार जण बसतात, म्हणजे प्रत्येक वेळी दोन टॅक्सी. किमान भाडं ३१ रुपये, म्हणजे जवळच्या अंतराला पैसे फार नाहीत. अडचण दोन टॅक्सी एकदम मिळण्याची आणि दोन्ही वेगवेगळ्या दाराशी थांबण्याची. अॅपवरून सहा आसनी मोठी गाडी मागवली तर हा घोळ टळतो. एरवी प्रत्येक टॅक्सीत एक मोठं माणूस फोनसह आणि उतरायच्या जागेचं नाव दोघांनाही सारखं सांगितलेलं, एवढं पाळा. ‘गेटवे’ म्हणू नका, ‘ताजच्या समोर’ म्हणा.

दुसरं, सहा जणांचं प्रत्येक हलणं पंधरा-वीस मिनिटं खातं. एकाला लघवीला जायचं असतं, एकाची बाटली राहिलेली असते. म्हणून ठिकाणं मोजण्यापेक्षा हलणी मोजा. दिवसात पाच हलणी झाली की सासूबाई आणि धाकटं मूल दोघंही थकतात, सहाव्याला भांडण होतं.

हे सगळं जोडून तुमचा शनिवार असा होतो. साडेपाचला उतरल्यावर वेटिंग रूममध्ये तोंडं धुवा, कपडे बदला, सामान क्लोकरूममध्ये ठेवा. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, म्हणून छोटी कुलपं घरूनच आणा आणि धान्याची पिशवी, डब्यांचं गाठोडं असलं काही सुटं ठेवू नका. पावणेसातच्या सुमारास मेट्रो, सव्वासातला रांगेत, साडेआठपर्यंत दर्शन. बाहेर नाश्ता. तिथून टॅक्सीने महालक्ष्मी, पाचेक किलोमीटर, शनिवारी सकाळी रस्ता मोकळा असतो. देवळाला पायऱ्या आहेत, पण थोड्या, आणि कठडे धरून चढता येतात. तिथे मेट्रोने जायचा मोह टाळा: महालक्ष्मी नावाचं मेट्रो स्टेशन रेल्वे स्टेशनजवळ आहे, देवळापासून दूर. हाजी अली भरती पाहून. मग कोस्टल रोडने म्युझियम, साडेदहा ते साडेबारा. जवळच जेवण, खोली घेऊन चारपर्यंत झोप. ही झोप बेतातून काढू नका. रात्रभर गाडीत अवघडलेली माणसं संध्याकाळी सातला मान टाकतात, आणि मुंबईतला सगळ्यात चांगला वेळ संध्याकाळचाच असतो.

साडेचारला सीएसएमटीची इमारत बाहेरून पाहा. महापालिकेच्या इमारतीसमोरच्या बाजूने पूर्ण दिसते. १८८० च्या दशकात बांधलेली आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेली ही इमारत लोक रोज तिच्यातून जातात म्हणून बघत नाहीत. मुलांना वर मान करून दगडात कोरलेले प्राणी शोधायला लावा. तिथून एनसीपीएकडे जाणारी ए-११५ ची दुमजली एसी बस मिळाली तर वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडा, नाही तर टॅक्सी. सव्वापाचला मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाला कठड्यावर बसा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. अंधार पडला की याच टोकावरून किनाऱ्याच्या वळणावरचे दिवे एका ओळीत दिसतात, चौपाटीच्या टोकावरून तितके नाही. म्हणून आधी इथे, मग टॅक्सीने चौपाटी. मावसबहीण तिथे.

रविवारी उलट घाईचं काही ठेवायचं नाही. गेटवेवर साडेआठला पोचा. अकरानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. नऊच्या सुमाराची बंदरफेरी घ्या. दहाला परत, खोली सोडून सामान पुन्हा क्लोकरूमला, साडेअकरा-बाराला सीएसएमटीहून मेट्रोने दादर. हे स्टेशन पश्चिमेला गोखले रोडच्या बाजूला आहे, साड्यांच्या दुकानांपासून चालत जाण्याजोगं. आधी जेवण, मग खरेदी. भुकेल्या मुलांसमोर साड्या उलगडू नयेत. खरेदीत ज्यांना रस नाही त्यांनी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसावं, रविवारी तिथे एकाच वेळी अनेक क्रिकेट सामने चालू असतात आणि एकाचा चेंडू दुसऱ्याच्या सामन्यात जातो. पाच-साडेपाचला मेट्रोने परत. सहाला सीएसएमटीला असाल. मेट्रोच्या बाहेरून लांब पल्ल्याच्या फलाटांपर्यंत सामान घेऊन दहा मिनिटं चालावं लागतं आणि क्लोकरूमला गाडीच्या आधी गर्दी होते, म्हणून दोन तास राखले आहेत.

बेत घसरतोय हे कळायचे तीन ठोके ठरवून ठेवा. शनिवारी पावणेनऊपर्यंत सिद्धिविनायकाच्या रांगेतून बाहेर आला नाहीत तर हाजी अली सोडा. साडेनऊ झाले तर महालक्ष्मीही सोडून सरळ म्युझियमला या. रविवारी साडेनऊपर्यंत लाँचमध्ये बसला नसाल आणि रांग लांब असेल तर दादरचे दोन तास कमी करा, बोट सोडू नका, कारण साड्या अकोल्यातही मिळतात. कोणत्या वेळी काय पडेल हे घरून निघण्यापूर्वीच सगळ्यांना सांगून ठेवा. रांगेत उभं राहून ठरवायला गेलात तर ज्याचा आवाज मोठा त्याचं ठिकाण राहतं, आणि सासूबाई काहीच बोलत नाहीत.